साधे मृत्युपत्र कसे करावे: आधी मालकी तपासा, मग सह्या करा

मृत्युपत्र उघडले जाते तेव्हा ते लिहिणारी व्यक्ती हयात नसते. "तुम्हाला नेमके काय म्हणायचे होते?" हे विचारायची सोय उरत नाही. त्यामुळे लिहिताना दोन प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवावेत. जे देतो आहोत ते खरेच आपले आहे का? आणि हा कागद आपणच, समजून-उमजून केला हे आपल्या मागे कोण सांगणार?

येथे दिलेली पद्धत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे आहे. मुस्लिम व्यक्तींना मृत्युपत्राबाबत त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. त्यात साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही, म्हणून त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा. बाकी अटी फार नाहीत. वय १८ पूर्ण हवे, मन ठिकाणावर हवे आणि कोणाचा दबाव नको. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलेही चालते. स्टॅम्प पेपर लागत नाही.

पहिली पायरी: आपले किती, ते मोजा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. राहता फ्लॅट त्यांनी आणि त्यांच्या पतीने मिळून, निम्म्या-निम्म्या वाट्याने घेतला होता. पती मृत्युपत्र न करता वारले, त्यांची आई त्याआधीच गेली होती. सोसायटीत बाईंचे नाव नॉमिनी म्हणून होते, त्यामुळे भागपत्र त्यांच्या नावावर झाले. आता त्यांना लिहायचे आहे, "माझा फ्लॅट मुलीला द्यावा."

पण पूर्ण फ्लॅट त्यांचा नाही. पतीचा अर्धा वाटा हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी या तिघांत समान वाटला गेला, म्हणजे प्रत्येकाला एकूण फ्लॅटचा एक षष्ठांश. बाईंचा स्वतःचा अर्धा आणि हा एक षष्ठांश मिळून दोन तृतीयांश होतात. मृत्युपत्राने त्या तेवढेच देऊ शकतात. मुलीकडे तिचा एक षष्ठांश धरून पाच षष्ठांश जातील आणि मुलाचा एक षष्ठांश मुलाकडेच राहील. मृत्युपत्रात काहीही लिहिले तरी तो हलत नाही. संपूर्ण घर मुलीलाच मिळावे असे सगळ्यांना मान्य असेल, तर मुलाकडून आताच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे लागेल.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज इथेच घात करतो. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी असणारी व्यक्ती सहसा मालमत्ता ताब्यात घेऊन हक्कदारांना देण्यासाठी असते. शेअरच्या नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. शक्य असेल तिथे नॉमिनी आणि मृत्युपत्रातील लाभार्थी एकच ठेवा. निम्मी भांडणे तिथेच टळतात, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतही हाच हिशेब, फक्त आपला हिस्सा देता येतो.

दुसरी पायरी: मजकूर लिहा

सुरुवातीला पूर्ण नाव, वय, पत्ता, तारीख आणि "यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे" हे वाक्य. मग कोणाला काय, ते नाव आणि नाते लिहून. अंमलबजावणीसाठी एक विश्वासू व्यक्ती व्यवस्थापक म्हणून नेमा आणि तिला आधी विचारा.

समजा, बाईंनी मुलासाठी लिहिले, "अमुक क्रमांकाची मुदत ठेव." दोन वर्षांनी ती ठेव मोडून पैसे दुसरीकडे गुंतवले, तर मृत्यूच्या वेळी ती ठेवच नसेल आणि मुलाला त्या कलमातून काहीच मिळणार नाही. त्यापेक्षा "माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या नावावर असलेल्या सर्व बँक ठेवी" असे लिहावे. त्यांनी दागिने बहिणीला दिले आणि बहीण आधी गेली, तर? ते दान सहसा निष्फळ ठरते. म्हणून "ती हयात नसल्यास तिच्या मुलीला" असा पर्याय जोडा. शेवटी "वर उल्लेख नसलेली माझी उर्वरित सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला" हे वाक्य हवेच. ते नसेल तर राहून गेलेली मालमत्ता मृत्युपत्र नसल्याप्रमाणे वारसांत वाटली जाते.

एखाद्या मुलाला कमी देत असाल, तर कारण एका शांत वाक्यात लिहा. "त्याच्या घरासाठी मी यापूर्वीच मदत केली आहे" एवढे पुरते. कारण लिहिण्याची सक्ती नाही, पण त्यामुळे "आईला काही समजत नव्हते" हा आरोप कमजोर होतो.

तिसरी पायरी: सह्या

किमान दोन साक्षीदार लागतात. तुम्ही सही करताना प्रत्येकाने पाहिले पाहिजे, किंवा ही सही माझी आहे असे तुम्ही स्वतः त्याला सांगितले पाहिजे. त्याने आपली सही तुमच्यासमोर करायची. दोघे एकाच वेळी हजर असण्याची सक्ती कायद्यात नाही, तरीही तिघांनी एकत्र बसूनच सह्या कराव्यात. पुढे वाद झाला तर साक्षीदार हयात असेपर्यंत किमान एकाला कोर्टात येऊन हे सारे सांगावे लागते. शेजाऱ्याकडे कागद पाठवून सही आणली असेल, तर तो उलटतपासणीत "त्यांना सही करताना मी पाहिले नाही" असे म्हणेल आणि मृत्युपत्र पडेल. साक्षीदारांच्या सह्यांवर "मृत्युपत्र करणाऱ्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सही केली" असे लिहून घ्या.

साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. काही धर्मीयांच्या बाबतीत साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेले दान कायद्यानेच रद्द ठरते. इतरांच्या बाबतीत ते संशयाला खतपाणी घालते. ज्याला मोठा लाभ मिळणार त्यानेच मजकूर तयार करण्यात पुढाकार घेतला, तर तीही संशयास्पद बाब मानली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगितले आहे. बाईंनी मुलीला बाहेर बसवून वकिलाशी स्वतः बोलणे म्हणूनच मुलीच्याच हिताचे आहे. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. नोटरीचा शिक्का मात्र दोन साक्षीदारांची जागा घेत नाही.

प्रत्येक पानावर सही करा. नंतर पेनाने खाडाखोड करून आकडा किंवा नाव बदलले, तर त्या बदलाजवळ पुन्हा तुमची आणि दोन साक्षीदारांची सही असल्याशिवाय तो धरला जात नाही. मोठा बदल असेल तर नवे मृत्युपत्रच करा. हयातीत ते कितीही वेळा बदलता येते.

चौथी पायरी: नोंदणी आणि जपणूक

नोंदणी ऐच्छिक आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेतली तर मूळ प्रत हरवण्याची किंवा बदलली जाण्याची भीती कमी होते. पण सह्यांत दोष असेल तर नोंदणीने तो भरून निघत नाही, आणि नंतरचे नोंदणी नसलेले मृत्युपत्रही आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला रद्द करू शकते.

मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका. तो लॉकर उघडायलाच कागदपत्रे जमवावी लागतात. मूळ प्रत कुठे आहे आणि साक्षीदारांचा पत्ता काय, हे व्यवस्थापकाला सांगून ठेवा आणि जुन्या मृत्युपत्राच्या मूळ प्रती फाडून टाका.