पहिल्यांदाच टीम लीड होणाऱ्याच्या मुलाखतीसाठी प्रश्न कसे तयार करावेत

टीम लीडच्या मुलाखतीत "तुम्ही टीमचे नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग सांगा" हा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि पहिल्यांदाच लीड होणाऱ्या माणसासाठी तो पूर्णपणे निरुपयोगी आहे. ज्याच्या हाताखाली आजवर कोणीच नव्हते, असा प्रामाणिक उमेदवार हा प्रश्न ऐकून गप्प होतो, तर बोलका उमेदवार चौघांनी मिळून केलेले काम स्वतःच्या नावावर सांगून मोकळा होतो. निवड मग बोलक्याची होते. हे टाळायचे असेल तर प्रश्न त्या जागेवरच्या कामातूनच काढावे लागतात. पुढील उदाहरण इंदूरजवळच्या पीथमपूरमधील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे आहे, जिथे दुसऱ्या पाळीतील नऊ इन्स्पेक्टरांसाठी लीड नेमायचा होता. इंदूरच्या कचेऱ्यांतील जागांनाही हीच पद्धत लागू पडते.

प्रसंग गोळा करा

जाहिरातीतील गुणांची यादी बाजूला ठेवून, त्या विभागाचे काम जवळून पाहणाऱ्या तीन-चार जणांना एवढेच विचारावे: गेल्या वर्षभरात लीडच्या वागण्यामुळे पाळी सावरली किंवा बिघडली असे कधी झाले, आणि त्या वेळी त्याने नेमके काय केले? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी ही पद्धत 1954 मध्ये मांडली आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे. "तो जबाबदार नव्हता" असे उत्तर आले तर ते लिहून घेऊ नये. त्याने काय केले किंवा काय केले नाही, हे मिळेपर्यंत विचारत राहावे.

या कारखान्यात मिळालेला सर्वांत बोलका प्रसंग रंगपंचमीचा होता. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहायला गेलेले तीन इन्स्पेक्टर दुपारच्या पाळीला आलेच नाहीत आणि रात्री ट्रक रवाना करायचा होता. त्या वेळच्या लीडने मोजमापाचे गेज स्वतःच्या हातात घेतले आणि तो मान खाली घालून तपासणी करत राहिला. दोन नवीन मुले काय करावे हे न कळून उभी राहिली, उत्पादन विभागाला रात्री नऊपर्यंत काही कळवले गेले नाही आणि एक लॉट भोकाचा व्यास न मोजताच पुढे गेला. लीडने कष्टात कसूर केली नव्हती. कामाची वाटणी आणि वेळेत सूचना, या दोन गोष्टी मात्र राहून गेल्या. आपल्याला पारखायचे आहे ते हेच वागणे.

प्रसंगाचा प्रश्न करा

मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच टप्प्यावर, आणि बहुतेक तयार प्रश्नावल्या इथेच फसतात. वरील प्रसंगावरून सहज सुचणारा प्रश्न असा असतो: "टीममध्ये माणसे कमी असताना तुम्ही कामाचे नियोजन कसे केले?" यात दोन दोष आहेत. नियोजनाचा अधिकार उमेदवाराकडे होता असे प्रश्नाने गृहीत धरले आहे. आणि नियोजन करणे हेच योग्य उत्तर, हेही प्रश्नानेच सांगून टाकले आहे. हुशार उमेदवाराला यापुढे फक्त गोष्ट रचायची उरते.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला दोन कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी संधीची: कोणताही अधिकार नसलेल्या, दोन-तीन वर्षे नोकरी केलेल्या माणसावर हा प्रसंग नक्की आला असेल का? दुसरी कसोटी मोकळेपणाची: "मी माझे काम केले आणि घरी गेलो" हे उत्तर उमेदवाराला संकोच न वाटता देता येईल का? ते देता येत नसेल तर प्रश्न उत्तराकडे बोट दाखवतो आहे, असे समजावे. दोन्ही कसोट्यांतून गेल्यावर प्रश्न असा झाला:

"नेहमीपेक्षा माणसे कमी होती आणि वरिष्ठ जागेवर नव्हते, अशी एखादी पाळी आठवा. पहिल्या अर्ध्या तासात कोणी काय केले, आणि तुम्ही काय केले?"

अधिकार नसतानाही पुढाकार दिसू शकतो, अशा जागा मोजक्याच असतात: नवीन माणसाला काम शिकवणे, बरोबरीच्या सहकाऱ्याची चूक त्याला सांगणे, वरिष्ठांना नको असलेली बातमी देणे आणि आपले काम संपल्यावर अडलेल्या कामाकडे वळणे. आपले प्रसंग यांपैकी कशात बसतात ते पाहावे. पंचेचाळीस मिनिटांच्या मुलाखतीला चार प्रश्न पुरतात. त्याहून जास्त ठेवले की खोलात जायला वेळच उरत नाही.

"असे झाले तर तुम्ही काय कराल?" हा प्रश्न मी पहिला कधीच ठेवत नाही, कारण कल्पनेत सगळेच नीट वागतात. उमेदवाराकडे खरोखरच तसा प्रसंग नसेल तरच तो विचारावा, आणि त्यात दोन्हीकडून काही ना काही गमवावे लागेल असा पेच असावा. उदाहरणार्थ, ट्रक थांबवला तर ग्राहक रागावेल आणि सोडला तर न तपासलेला माल जाईल.

पुढचे प्रश्न आधीच लिहून ठेवा

पहिल्या उत्तरावर समाधान मानू नये. इंदूरकडच्या हिंदीत "अपन ने संभाल लिया" म्हणणारा उमेदवार स्वतःविषयी बोलतो आहे की सगळ्यांविषयी, हे त्या वाक्यावरून कळत नाही. म्हणून "हे कोणी सुचवले?", "त्याला तुम्ही नेमके कोणत्या शब्दांत सांगितले?" आणि "तो काय म्हणाला?" हे तीन प्रश्न प्रत्येक प्रसंगानंतर विचारावेत. खरोखर बोललेल्या माणसाला समोरच्याचे उत्तर बहुधा आठवते; रचलेल्या गोष्टीत समोरचा माणूस लगेच "हो" म्हणतो. मुलाखत हिंदीतून होणार असेल तर प्रश्नही हिंदीतच लिहून ठेवावेत, म्हणजे प्रत्येक उमेदवाराला तेच शब्द ऐकू येतील.

गुणांचे नमुने मुलाखतीपूर्वी ठरवा

इथे माझे मत ठाम आहे. "सगळे काम मी एकट्याने रात्री उशिरापर्यंत थांबून पूर्ण केले" या उत्तराने मुलाखत घेणारे भारावतात आणि पाचपैकी पाच गुण देतात. नेमका असाच माणूस रंगपंचमीच्या पाळीत गेज हातात घेऊन बसतो. वरील प्रश्नासाठी ठरवलेले नमुने असे होते. "मला दिलेले काम मी केले" याला एक गुण. "माझे संपवून इतरांचेही मी केले" याला तीन. "नवीन मुलाला सोपी मापे दिली, अवघड मी घेतली आणि सुपरवायझरला फोन करून एक लॉट आज होणार नाही असे कळवले" याला पाच. उमेदवाराने वापरलेल्या इंग्रजी शब्दांना किंवा सफाईदार बोलण्याला यात जागा नाही. दोघा मुलाखतकारांनी आपापले गुण लिहून झाल्यावरच एकमेकांशी बोलावे.

आधी घरच्या माणसांवर तपासा

उमेदवारांना बोलावण्यापूर्वी हे प्रश्न सध्याच्या एका चांगल्या लीडला आणि एका साध्या इन्स्पेक्टरला विचारावेत. लीडने मात्र तो स्वतः लीड होण्याच्या आधीचे प्रसंग सांगावेत. इन्स्पेक्टरला एकही प्रसंग आठवला नाही तर प्रश्न संधीच्या कसोटीत नापास झाला आहे. दोघांची उत्तरे सारख्याच गुणांची आली तर प्रश्न कामाचा नाही. अशा वेळी नमुन्यांतील आकडे बदलत बसण्याऐवजी गोळा केलेल्या प्रसंगांतून दुसरा प्रसंग उचलावा.