किमान वेतन आणि रोजगार: आकडे वाचताना या चुका टाळा

किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात का? हे शोधायला अनेकजण राज्याराज्यांची किमान वेतनं आणि रोजगाराचे आकडे शेजारी ठेवतात. दोन्ही सोबत वर जाताना दिसले की म्हणतात, वेतनवाढीने रोजगार वाढला. पण जिथे धंदा जोरात चालतो तिथे माणसांना मागणीही असते आणि वेतन वाढवायला सरकारही सहज तयार होतं. भरभराट या एकाच कारणाने दोन्ही आकडे वर गेलेले असू शकतात. सहसंबंध खरा, पण त्यावरून कार्यकारणभाव सांगता येत नाही.

खरं तर आपल्याला हवं असतं ते असं राज्य, जिथे वेतन वाढलं पण बाकी सगळं तसंच राहिलं. तसं राज्य मिळत नाही. मग त्याच्या जवळपास जाणारी घटना शोधायची, म्हणजेच नैसर्गिक प्रयोग. अमेरिकेतल्या न्यू जर्सीने 1 एप्रिल 1992 ला किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते 4.25 च राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर या अर्थतज्ज्ञांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या 410 फास्ट फूड रेस्टॉरंटांची वाढीच्या आधी आणि मग वर्षअखेरीस पाहणी केली. पूर्णवेळ कामगार एक, अर्धवेळ अर्धा, असं मोजलं. कायमच्या बंद पडलेल्या दुकानांत शून्य कामगार धरले. ही दुकानं यादीतून गाळली असती, तर नेमका तोटा झालेलीच नजरेआड झाली असती.

दर रेस्टॉरंटमागे सरासरी कामगार असे निघाले: न्यू जर्सीत आधी 20.44, नंतर 21.03. पेनसिल्व्हेनियात आधी 23.33, नंतर 21.17. हे चार आकडे कागदावर लिहून घ्या, कारण पुढच्या दोन्ही चुका यांच्यातच लपल्या आहेत.

फक्त आधी आणि नंतर बघणं. न्यू जर्सीत 0.59 ची वाढ दिसते, म्हणजे परिणाम जवळपास नाहीच असं वाटतं. पण त्या काळात त्या भागात मंदी होती. कायदा 1990 मध्ये, मंदी येण्यापूर्वी झाला होता आणि लागू झाला तो ऐन मंदीत. वेतन वाढलं नसतं तर रोजगार किती घसरला असता, हे न्यू जर्सीचे आकडे एकट्याने सांगूच शकत नाहीत.

फक्त नंतरचे आकडे शेजारी ठेवणं. 21.03 आणि 21.17 बघून दोन्ही राज्यं सारखीच वाटतात. पण सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या रेस्टॉरंटांत जवळपास तीन माणसं जास्त होती, हे इथे विसरलं जातं.

दोन्ही चुका टाळायच्या, तर बदलांमधला फरक काढायचा. पेनसिल्व्हेनियात 2.16 ची घट झाली. न्यू जर्सीतही मंदीने तेवढीच घट व्हायला हवी होती असं धरलं, तर तिथे प्रत्यक्षात झालेली 0.59 ची वाढ अपेक्षेपेक्षा सुमारे 2.75 ने जास्त आहे. म्हणजे त्याच चार आकड्यांतून तीन वेगळी उत्तरं निघाली.

आता सगळ्यात नाजूक जागा. ‘तेवढीच घट व्हायला हवी होती’ हे सिद्ध झालेलं नाही, ते गृहीतक आहे. एका राज्यात मंदी जास्त झोंबली असेल, तर हिशेब कोसळतो. म्हणून पडताळणी लागते, आणि कार्ड-क्रुगर यांनी केलेली एक पडताळणी मला फार आवडते. न्यू जर्सीतच काही रेस्टॉरंट आधीपासून ताशी 5 डॉलर किंवा जास्त देत होती. त्यांना कायद्याने फारसा फरक पडणार नव्हता. तिथे कामगार सरासरी 2.04 ने घटले, जवळपास पेनसिल्व्हेनियाइतकेच. मंदीचा फटका दोन्हीकडे सारखा होता, या गृहीतकाला यामुळे बळ मिळतं.

निष्कर्ष ताणणं. 2.75 च्या आकड्याभोवती मोठी अनिश्चितता आहे. त्यावरून ‘वेतन वाढवा, नोकऱ्या वाढतील’ असं म्हणता येत नाही. ‘नोकऱ्या घटल्याचा पुरावा इथे दिसत नाही’, एवढंच म्हणता येतं. शिवाय हा 80 सेंटच्या वाढीचा, एकाच धंद्याचा आणि काही महिन्यांचा हिशेब आहे. पगारपत्रकांचे आकडे वापरून डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी उलट निष्कर्ष काढला. त्यावर कार्ड-क्रुगर यांनी सरकारी नोंदी घेऊन पुन्हा हिशेब केला, तेव्हा परिणाम अगदी किरकोळ निघाला. 2 डॉलरची वाढ किंवा कायम मनुष्यबळाची टंचाई असलेलं गाव यांबद्दल या आकड्यांवरून काही बोलायचं, तर त्या ठिकाणी वेगळी पाहणी करावी लागेल.