चिनी आणि व्हिएतनामी सुरक्षा-फलकांवर आज्ञा कशी लिहावी

व्हिएतनामचा काओ बांग प्रांत आणि चीनचा ग्वांगशी यांच्या सीमेवर एक मोठा धबधबा आहे. व्हिएतनामी लोक त्याला बान जोक म्हणतात, चिनी लोक दतियान. खालच्या डोहात दोन्ही देशांचे तराफे पर्यटकांना घेऊन फिरतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ठरलेल्या मार्गाने पलीकडेही जाता येते. अशा जागी खोल पाण्याचा इशारा देणारा फलक दोन्ही भाषांत लागतो. तो लिहायचा आहे असे धरून चालू.

पहिले काम कागदावर नव्हे, काठावर करायचे. माणूस इथे चुकला तर काय होईल, हे आधी ठरवा. धोक्याच्या शब्दांच्या तीन पायऱ्या रूढ आहेत. टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, अशा जागी सर्वांत वरचा शब्द येतो. होऊ शकते, अशा जागी मधला. किरकोळ किंवा मध्यम इजेची शक्यता असेल तर खालचा. चिनीत हे शब्द वेइश्येन, जिंगगाओ, जूयी. व्हिएतनामीत न्ग्वी हिएम, कान्ह बाओ, चू ई.

```
危险   NGUY HIỂM
警告   CẢNH BÁO
注意   CHÚ Ý
```

व्हिएतनामीत चिनीतून आलेले शब्द पुष्कळ आहेत, आणि पहिल्या व तिसऱ्या ओळीत ते नाते सरळ जुळते. मधल्या ओळीत मात्र सापळा आहे. जिंगगाओची अक्षरे व्हिएतनामी उच्चाराने वाचली तर ‘कान्ह काओ’ होते, आणि आजच्या व्हिएतनामीत त्याचा अर्थ एखाद्या माणसाला दिलेली ताकीद, शिस्तभंगाची कारवाई असा आहे. फलकावर तो शब्द आला तर वाचणाऱ्याला आपल्यावर ठपका ठेवल्यासारखे वाटेल, पाण्याचा धोका कळणार नाही. म्हणून शब्दकोशातली जोडी जुळते एवढ्यावर विसंबू नका.

धोक्याची पायरी ठरली की आज्ञेची पायरी ठरवायची. ही शिडी वेगळी आहे, आणि बहुतेक फलक बिघडतात ते इथेच. आपल्याकडे ‘सक्त मनाई’, ‘मनाई’ आणि ‘कृपया करू नये’ यांत जो फरक आहे, तोच तिथेही आहे. चिनीत येनजिन, जिनजि, छिंगवू. व्हिएतनामीत न्गिएम कम, कम, आणि ‘वुई लाँग खोंग’, म्हणजे ‘कृपया नको’.

```
严禁   NGHIÊM CẤM
禁止   CẤM
请勿   VUI LÒNG KHÔNG
```

जीव जाण्याचा धोका असेल तिथे तिसरी पायरी वापरू नका. वर ‘वेइश्येन’ आणि खाली ‘छिंगवू’ लिहिले, तर वरचा शब्द घाबरवतो आणि खालचा विनवतो. वाचणारा सौम्य तेवढे ऐकतो. विनंती हिरवळीवर, संग्रहालयात, छायाचित्रे काढू नका सांगताना शोभते. पहिली पायरी, ‘सक्त’ची, स्फोटक किंवा अतिज्वालाग्राही वस्तूंसारख्या ठिकाणांसाठी राखून ठेवा. प्रत्येक खांबावर ती आली तर खऱ्या जागी तिचे वजन उरत नाही. डोहाच्या काठी मधली पुरेशी आहे: साधे, निखळ ‘मनाई’.

आता वाक्य. कर्ता गाळा. व्हिएतनामीत समोरच्याला आदराने ‘क्वी खाच’ म्हणतात, म्हणजे माननीय ग्राहक. सूचनाफलकावर ते ठीक, पण धोक्याच्या फलकावर त्यात एक ओळ वाया जाते. क्रम असा ठेवा: धोक्याचा शब्द, कारण, आज्ञा. कारण गाळू नये असे मला ठामपणे वाटते. वरून शांत दिसणारा डोह आतून ओढतो हे परक्या माणसाला कळत नाही, आणि कारण न दिलेली मनाई लोक हद्दीच्या नियमासारखी घेतात.

आज्ञेचे क्रियापद निवडताना थांबा. चिनी ‘यौयुंग’ आणि व्हिएतनामी ‘बोई’ म्हणजे पोहणे. पण डोहात बुडणारे सगळे पोहायला उतरत नाहीत. कुणी पाय धुवायला उतरतो, कुणी फोटोसाठी गुडघाभर पाण्यात जातो. ‘पोहण्यास मनाई’ वाचून तो म्हणेल, मी कुठे पोहतोय. व्हिएतनामी किनाऱ्यांवर ‘कम ताम’, म्हणजे ‘आंघोळीस मनाई’, सर्रास दिसते. ते अधिक व्यापक आहे, पण पाय भिजवणारा त्यातूनही निसटतो. म्हणून इथे पाण्यात उतरण्यालाच मनाई करू.

```
危险
水深流急
禁止下水

NGUY HIỂM
NƯỚC SÂU, CHẢY XIẾT
CẤM XUỐNG NƯỚC
```

मधल्या ओळीचा अर्थ ‘पाणी खोल, ओढ जोराची’. चिनीत चार अक्षरांची ओळ कानाला पुरी वाटते, म्हणून दोन्ही ओळी चार-चार अक्षरांच्या ठेवल्या. व्हिएतनामीत शब्दाचे अवयव सुटे लिहितात. त्यामुळे जागा कमी पडली की रंगारी ‘न्ग्वी’ एका ओळीत आणि ‘हिएम’ दुसऱ्या ओळीत टाकतो. तसे होऊ देऊ नका.

त्याच वाटेवर ओला जिना असेल तर तिथली धोक्याची पायरी खाली उतरते. घसरून गुडघा फुटेल, पण सहसा जीव जाणार नाही. तिथे मनाई नको, सावध करणारे क्रियापद हवे:

```
小心地滑
CẨN THẬN TRƠN TRƯỢT
```

चीनच्या सुरक्षा-चिन्हांच्या राष्ट्रीय मानकात, जीबी २८९४ मध्ये, सावधगिरीच्या वाक्यांची सुरुवात ‘दांगशिन’ने होते. दुकानांत आणि स्थानकांत मात्र वरचे ‘श्याओशिन’च अधिक भेटते. कारखान्याचा फलक असेल तर मानकातला शब्द घ्या, पर्यटकांसाठी रोजचा. २००८ च्या आवृत्तीनुसार अनेक फलक एकत्र असतील तर क्रम सावधगिरी, मनाई, सक्तीची कृती, माहिती असा, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. रंग अनुक्रमे पिवळा त्रिकोण, लाल वर्तुळ, निळे वर्तुळ, हिरवा चौकोन. अक्षरांचा रंग आणि चिन्ह एकाच पायरीचे आहेत ना, ते पाहा. पिवळ्या त्रिकोणाखाली मनाई लिहिली तर चिन्ह एक सांगते आणि शब्द दुसरे.

छपाईत जाणाऱ्या चुका वेगळ्याच असतात. व्हिएतनामीची स्वरचिन्हे उडाली की अर्थ उडतो. चिन्हे नसलेले ‘CAM’ मनाई असेल, संत्रे असेल किंवा मुका असेल. मोठ्या अक्षरांवर चिन्हे एकावर एक चढतात, म्हणून ओळींत जास्त अंतर ठेवा. कापलेल्या व्हिनाइलच्या फलकात ती चिमुकली टिकली सोलताना निघून जाते, तेव्हा लावण्याआधी मूळ मजकुराशी अक्षरागणिक ताडून घ्या. चिनीसाठी आधी वाचक ठरवा: चीनमधून आणि सिंगापूरमधून येणाऱ्यांना सोपी लिपी, तैवान-हाँगकाँगच्यांना पारंपरिक. संगणकात जपानी फाँट बसला असेल तर काही अक्षरांची वळणे बदलतात. वाचता येतात, पण परकी दिसतात.

शेवटी मजकूर त्या भाषेच्या माणसाला दाखवा, आणि ‘बरोबर आहे का?’ असे विचारू नका. त्याला ‘हो’ म्हणणे सोपे जाते. ‘हे वाचून तू काय करशील, आणि न ऐकल्यास काय होईल?’ असे विचारा. व्हिएतनामीसाठी एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा वाचक घ्या, कारण दक्षिणेत बोलताना सावधगिरीसाठी ‘कोई चुंग’ चालते. दोघांची उत्तरे वेगळी आली तर क्रियापद बदला. फाँट बदलून उपयोग नाही.