फेलोशिपला पगार समजू नका: रिसर्च स्कॉलर लोकांच्या त्याच त्या चुका

दरवर्षी नेट-जेआरएफचा, म्हणजे पीएचडीसाठी दरमहा मिळणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवसांत फोन सुरू होतात. दादा जेआरएफ लागली, आता गाडी घेऊ का, घरचं कर्ज माझ्या नावावर घेऊ का, इन्क्रिमेंट कधी लागतं, पीएफ कटतो का. मी पाच वर्षं फेलोशिप खाल्ली, नंतर पोरांचे कागद बघत बघत आणखी सात-आठ वर्षं गेली, आणि प्रश्न काही बदलत नाहीत. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, पुढच्या वेळी फोन आला की लिंक पाठवून मोकळा.

मुळात एक गोष्ट डोक्यात बसवा. केंद्राच्या यूजीसीची असो, राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योतीची असो, फेलोशिप ही नोकरी नाही. तुमचा मालक कोणी नाही, तुम्ही कोणाचे कर्मचारी नाही. सगळे गोंधळ इथूनच निघतात.

चूक पहिली: दरवर्षी वाढ मिळते असं धरून हिशोब करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिच्यापायी पोरं कर्जात जातात.

सहाय्यक प्राध्यापकाला बेसिकवर दरवर्षी 3 टक्के इन्क्रिमेंट, वर डीए वर्षातून दोनदा वाढतो. फेलोशिपमध्ये यातलं काहीच नाही. इथं रक्कम दोनच कारणांनी वाढते. एक, तुम्ही जेआरएफचे एसआरएफ, म्हणजे सिनिअर फेलो झालात. दोन, सरकारनं दरच बदलले. दर किती वेळा बदलतात ते बघा: 1 डिसेंबर 2014 पासून जेआरएफ 25 हजार, मग 1 जानेवारी 2019 पासून 31 हजार, मग 1 जानेवारी 2023 पासून 37 हजार. म्हणजे दोनदाही चार-चार वर्षांचं अंतर. एसआरएफचे आकडे त्याच क्रमानं 28, 35 आणि 42 हजार.

आता फेब्रुवारी 2019 मध्ये जॉइन झालेला गडी घ्या. दोन वर्षं 31 हजार, एक रुपया वाढ नाही. फेब्रुवारी 2021 ला एसआरएफ झाला, 35 हजार. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं परत तेच. जानेवारी 2023 पासून 42 हजार, आणि जानेवारी 2024 अखेर पाच वर्षं संपली, खेळ खलास. पाच वर्षांत दोन वाढी, त्यातली एक तर नशिबानं, कारण दर बदलायला आणि त्याची एसआरएफ चालू असायला एकच गाठ पडली. आणि तोही 2023 चा आदेश वर्षाच्या मध्यानंतर निघाला, फरक नंतर एरियर्समध्ये आला. दर महिन्याला भाडं, पेट्रोल, गावाकडं पाठवायचे पैसे वाढतच होते की.

मी काय करायचो, फेलोशिप सुरू झाली त्या दिवशी वहीत एकच आकडा लिहिला, जेआरएफचा, आणि दोन वर्षं तोच धरून खर्च केला. एसआरएफचे वरचे पैसे आले की ते वेगळ्या खात्यात. तो पैसा आपला नाहीच असं समजायचं, कारण एखादा महिना कोरडा गेला की तोच कामी येतो.

कोरडा महिना म्हणजे काय तेही सांगतो. यूजीसीची रक्कम कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट खात्यात येते, पण आपोआप नाही. विद्यापीठाच्या बाजूनं दर महिन्याला मेकर तुमची नोंद टाकतो, चेकर ती मंजूर करतो, मग पैसे निघतात. मेकर रजेवर गेला, तुमची हजेरी विभागातून पोचली नाही, की तो महिना अडकतो, नंतर एकत्र येतो. मायबाप, यात कुणाचा राग करून उपयोग नाही, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः हजेरीचा कागद घेऊन जायचं आणि मेकर साहेबांना विचारायचं, नोंद गेली का. पोरांना वाटतं मेल केला की झालं. मी तर गॅलरीत उभं राहून वाट बघितलीय.

आमच्याकडचा एक जण, लातूरकडचा, त्यानं जेआरएफच्या भरवशावर बुलेटचा हप्ता लावला, साडेसात हजाराचा. बँकेनं सॅलरी स्लिप मागितली, ती नव्हती, फॉर्म 16 नव्हता, मग वडिलांच्या नावावर घेतली. पुढे तीन महिने फेलोशिप अडकली, वडील तिकडं शेतातून हप्ते भरायलेत आणि हा इकडं म्हणतोय येईल की एरियर्समध्ये. आलेच, पण हप्त्यावरचा दंड काही परत आला नाही.

चूक दुसरी: एसआरएफ आपोआप होते असं समजणं

नाही होत. दोन वर्षं पूर्ण झाली की समिती बसते. गाइड, विभागप्रमुख आणि बाहेरचा एक विषयतज्ज्ञ. कामाचा आढावा घेतात, शिफारस करतात, तो कागद पुढे गेल्यावर दर बदलतो. आणि दोन वर्षं मोजायची फेलोशिपच्या जॉइनिंगच्या तारखेपासून, पीएचडी रजिस्ट्रेशनपासून नाही. इथं पोरं घोळ घालतात.

माझीच गोष्ट. मी जॉइन झालो ऑगस्टमध्ये, डोक्यात मात्र रजिस्ट्रेशनचा फेब्रुवारी धरून बसलो होतो. म्हणून दोन वर्षं झाल्यावर सहा महिने गाफील. जाग आली तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञांना तारीख मिळेना, गाइड परदेशात, मीटिंग झाली एप्रिलमध्ये. तोपर्यंत फरकाचे महिन्याला तीन हजार अडकलेले. मिळाले, पण नंतर, आणि संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठीच्या कंटिन्जन्सीचा वाढीव दर पण त्याच बरोबर पुढे ढकलला. मानव्यविद्येत पहिली दोन वर्षं कंटिन्जन्सी वर्षाला 10 हजार, नंतर 20 हजार 500. सायन्सला 12 हजार आणि नंतर 25 हजार. हे काही थोडं नाही.

आता मी सगळ्यांना सांगतो, जॉइनिंगला 21 महिने झाले की गाइडकडं अर्ज टाका, तज्ज्ञांची तारीख धरा, आणि जॉइनिंग रिपोर्टची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या पानावर ठेवा. शेवटच्या महिन्यात धावपळ करणारा माणूस मला बघवत नाही.

चूक तिसरी: रिटर्नमध्ये फेलोशिप पगार म्हणून दाखवणं

ही माझी दुसरी नावडती चूक. इथं खरंच पैसे जातात.

1961 च्या आयकर कायद्यात कलम 10(16) आहे: शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त. जेआरएफ-एसआरएफ त्यात बसते, कारण ती कामाचा मोबदला नाही, अभ्यासासाठीची रक्कम आहे. म्हणून त्यावर फॉर्म 16 नसतो, पगारासारखा टीडीएस नसतो, पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय काहीच नसतं. एका हातानं कर वाचला, दुसऱ्या हातानं सोयी गेल्या, असा तो सौदा आहे.

आमचा एक मित्र, एसआरएफ चालू असतानाच एका कॉलेजात रुजू झाला, ऑक्टोबर 2023 ला. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने एसआरएफ, 42 हजारांनं 2 लाख 52 हजार. मग सहा महिने पगार, महिन्याला 95 हजार धरू, म्हणजे 5 लाख 70 हजार. मोंढ्यात एक जण शंभर-दोनशे घेऊन रिटर्न भरून देतो, त्यानं बँकेचं स्टेटमेंट बघितलं आणि सगळं पगारात टाकलं. 8 लाख 22 हजार. त्यातून 50 हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं, 7 लाख 72 हजार उरले. नव्या रेजिममध्ये त्या वर्षी 3 ते 6 लाखांवर 5 टक्के, म्हणजे 15 हजार, वरच्या 1 लाख 72 हजारांवर 10 टक्के, म्हणजे 17 हजार 200, आणि त्यावर 4 टक्के सेस. एकूण 33 हजार 488. पठ्ठ्यानं भरून टाकले आणि मला म्हणाला, प्राध्यापक झाल्यावर टॅक्स लागतोच ना भाऊ.

खरा हिशोब काय? फेलोशिप बाजूला काढा. 5 लाख 70 हजारांतून 50 हजार वजा, 5 लाख 20 हजार. त्या वर्षी 7 लाखांपर्यंत रिबेट, कर शून्य. त्यानं 31 डिसेंबर 2024 च्या आत रिव्हाइज्ड रिटर्न भरला, फेलोशिप `Exempt Income` मध्ये 10(16) खाली दाखवली, आणि पैसे परत आले. रिव्हाइज्डची मुदत चुकली असती तर बसला असता ओरडत. 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळं असा फटका सहसा बसणार नाही, पण ज्यांचं वर्ष अर्धं फेलोशिप आणि अर्धं मोठा पगार असं आहे त्यांनी जपून. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा जुन्या वर्षासाठी जुना नंबर आणि नव्यासाठी नवा बघून टाका.

मात्र एक अट आहे. नावात फेलो असलं म्हणून सगळंच करमुक्त होत नाही. प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून घेतलं, ठरावीक काम करवून घेतात, करार आहे, तर तो मोबदला धरला जाऊ शकतो. म्हणून दरवर्षी आयकर पोर्टलवर 26एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचा उतारा, उघडून बघा. तिथं टीडीएस दिसला तर पहिल्यांदा ऑर्डर वाचा, ती फेलोशिपची आहे की कामाची, मग रिटर्न भरा. आणि कागद जपा: अवॉर्ड लेटर, जॉइनिंग रिपोर्ट, बँक स्टेटमेंट. नोटीस आली तर हेच तीन दाखवायचे असतात.

बाकीच्या, थोडक्यात

हॉस्टेलला राहून एचआरए, म्हणजे घरभाडं भत्ता घेऊ नका, तो हॉस्टेल न मिळाल्यास असतो, नाहीतर नंतर वसुली निघते. एचआरए शहराच्या वर्गावर ठरतो, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड वाय वर्गात, लातूर-परभणी झेडमध्ये, तेव्हा मित्राच्या आकड्यावर भांडू नका.

रजा वर्षाला 30 दिवस, त्यात उन्हाळी सुट्टी वेगळी मिळत नाही, प्राध्यापकांसारखं मे महिन्यात गावी जाऊन आंबे खात बसता येत नाही.

फेलोशिप चालू असताना तासिका तत्त्वावर दुसरीकडं शिकवून मानधन घेऊ नका. किती जण म्हणतात, कोणाला कळतंय, दोन तास तर आहेत. कळतं, मानधन बँकेत येतं, पॅन एकच असतो. मागच्याच महिन्यात एक पोरगी घाबरून आली होती, मानधन घेतलं, आता काय. मी सांगितलं, उद्या सकाळी गाइडकडं जाऊन खरं सांग आणि लेखी दे. गेली, आणि आता पत्राचं उत्तर येण्याची वाट बघायलीय.