छत पांढरं करा, रस्ता नको: उन्हाळ्याआधी वस्तीत काय करावं

मे महिन्यात नागपूरच्या जुन्या वस्तीत रात्री दहा वाजताही पंखा गरम हवाच फेकतो. ऊन केव्हाच गेलेलं असतं, पण दिवसभर स्लॅबनं, भिंतींनी आणि रस्त्यानं पोटात साठवलेली उष्णता आता बाहेर पडत असते. जवळच्या शेतात तोवर हवा बरीच निवलेली असते. शहर भोवतालापेक्षा असं गरम राहतं त्यालाच उष्ण बेट म्हणतात. त्याची खरी ओळख दुपारी पटत नाही, रात्री पटते. म्हणून उपायही रात्रीच्या हिशेबानं करायला हवेत.

आधी मोजा

बांधकामवाले वापरतात ती इन्फ्रारेड थर्मामीटर गन आणा. कोविडच्या काळात कपाळावर धरायची ती चालत नाही, कारण ती अंगाच्या तापापलीकडे वाचतच नाही. दुपारी दोनच्या सुमारास गच्ची, डांबरी रस्ता, सिमेंट रोड, पेव्हर ब्लॉक आणि कडुनिंबाच्या सावलीतली माती यांची मापं घ्या. जागांवर खडूनं खुणा करा. रात्री नऊला आणि पहाटे पुन्हा त्याच जागा मोजा.

पत्र्यावर मात्र ही गन फसवते. नवा चकचकीत पत्रा स्वतः उष्णता कमी सोडतो, म्हणून गन प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवते. त्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा.

ही झाली पृष्ठभागाची मापं. हवेचं तापमान वेगळं. त्यासाठी साधा थर्मामीटर छातीच्या उंचीवर, सावलीत, भिंतीपासून लांब टांगावा लागतो. या दोन आकड्यांची गल्लत इतकी सर्रास होते की ‘रंगानं तापमान वीस अंशांनी उतरतं’ अशा जाहिराती खपून जातात. वीस अंश उतरतात ते स्लॅबच्या वरच्या अंगाचे, खोलीतल्या हवेचे नव्हेत.

छत

हिशेब साधा आहे. मे महिन्यात भर दुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट ऊन पडतं. शेवाळानं काळवंडलेला जुना स्लॅब त्यातलं जेमतेम पाव परत फेकतो, उरलेलं ६७५ वॅट पितो. स्वच्छ पांढरा थर पाऊण भाग परत फेकतो, म्हणजे पितो फक्त २२५. फरक ४५० वॅटचा. हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरची गच्ची धरली तर हा फरक ४० किलोवॅटच्या पुढे जातो. दोन किलोवॅटचे वीस गीझर गच्चीवर एकदम चालू ठेवावेत इतका. ही सगळी उष्णता खोलीत उतरत नाही. बरीचशी वरच्या हवेत जाते, आणि तीच पुढे वस्तीची हवा तापवते.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. आधी तारेच्या ब्रशनं शेवाळ आणि सुटी माती खरवडा, गच्ची धुवा, भेगा भरा. भेगांवर नुसता रंग फासला तर पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं आणि दोष रंगाला लागतो. स्वस्तातला मार्ग चुन्याचा. कळीचा चुना विरवताना पाणी उकळतं, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि मुलं लांब हवीत. एक रात्र भिजू द्या, कपड्यातून गाळा, थोडा डिंक घाला, दुधाइतकं पातळ करा. गच्ची ओलसर करून संध्याकाळी पहिला हात आडवा द्या, तो वाळला की दुसरा उभा. ओला चुना फिका दिसतो, म्हणून घाबरून घट्ट थर देऊ नका. घट्ट थराचे पोपडे निघतात. चुना बहुधा पावसाळ्यात धुऊन जातो आणि दरवर्षी काम नव्यानं करावं लागतं. गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर सुरुवातीच्या पावसाचं पाणी बाहेर सोडा.

दुकानातला ‘कूल रूफ’ रंग घ्यायचा असेल तर एसआरआय विचारा. हा ऊन परतवण्याचा आणि उष्णता सोडण्याचा एकत्रित आकडा आहे. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ०, ठरावीक पांढऱ्याला १००. चांगला पांढरा रंग नवा असताना शंभराच्या आसपास जातो. मोठी खरेदी करण्याआधी गच्चीच्या मधोमध मीटरभर चौकोन रंगवून बघा आणि दुपारी दोनला चौकोनाच्या आतलं आणि बाहेरचं माप घ्या. फरक किरकोळ आला तर डबा परत करा.

पत्र्याच्या घरांवर चंदेरी रंग मारायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. चंदेरी रंग ऊन परतवतो खरा, पण जी उष्णता घेतो ती सहज सोडत नाही. पांढरा दोन्ही करतो.

पांढऱ्या छताचा शत्रू धूळ. विदर्भातल्या उन्हाळ्यात ती महिन्याभरात थर धरते आणि पांढऱ्याचा राखाडी होतो. झाडू मारला तरी बराच फरक पडतो. शेजारी उंच इमारत असेल तर वरच्या मजल्यावरच्यांशी आधी बोला, चकाकी त्यांच्या खिडकीत जाते.

जमीन

छत पांढरं चालतं, मग रस्ताही पांढरा करू, हा विचार स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं फिनिक्स शहर नागपूरसारखंच रखरखीत उन्हाळ्याचं. तिथे २०२० मध्ये काही वस्त्यांतल्या डांबरी रस्त्यांवर फिकट परावर्तक थर दिला गेला आणि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं. दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग सुमारे ६ अंश सेल्सिअसनं थंड निघाला. हवेत फरक पडला तो अर्ध्या अंशाहूनही कमी. आणि रस्त्यावर उभ्या माणसाच्या अंगावर येणारा एकूण किरणांचा मारा मात्र दुपारी सुमारे ३ अंशांच्या तोडीनं वाढला. कारण उघड आहे: छतानं फेकलेलं ऊन आकाशात जातं, रस्त्यानं फेकलेलं चालणाऱ्याच्या अंगावर आणि समोरच्या भिंतीवर आदळतं.

म्हणून माणसं जिथे चालतात, थांबतात, भाजी विकतात, तिथे रंगापेक्षा सावली मोलाची. नागपुरात डांबरी रस्त्यांच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिमेंट रोड आले. सिमेंट डांबरापेक्षा फिकट असल्यानं ऊन कमी पितं, पण तो जाड थरही रात्री उष्णता सोडतोच. रस्ता बदलणं आपल्या हातात नाही; सोसायटीचं आवार आहे.

आवारात जिथे गाडी जात नाही तिथला काँक्रीटचा थर उखडून माती मोकळी करा. पार्किंगला जाळीचे पेव्हर लावा, मधल्या भोकांत माती आणि दूर्वा. साधे ब्लॉक बसवायचे असतील तर सांध्यांत सिमेंट नको, बारीक खडी भरा, म्हणजे पाणी मुरेल. एक मर्यादा लक्षात ठेवा: मुरणारी जमीन थंड राहते ती पाण्याच्या बाष्पीभवनामुळे. मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत असेल तर तो नुसता ब्लॉकच. आंघोळीचं सांडपाणी झाडांकडे वळवता आलं तर तिथेच ओल टिकते. झाडाच्या बुंध्याभोवती चारही बाजूंनी मीटरभर जागा उघडी ठेवा. बुंध्याला भिडवून ब्लॉक लावले की झाड सुकतं आणि उरलेली सावलीही जाते.

पुन्हा मोजा

पुढच्या मे महिन्यात त्याच खुणांवर, त्याच वेळांना मापं घ्या. गच्ची एकच रंगवली असेल तर वरच्या मजल्याची खोली संध्याकाळी सुसह्य होईल, पण गल्लीतल्या हवेत काही दिसणार नाही. त्यासाठी ओळीनं बरीच छतं लागतात. शक्य तर न रंगवलेल्या शेजारच्या गल्लीतही थर्मामीटर टांगा. नाहीतर गेल्या वर्षीपेक्षा यंदाचा उन्हाळाच सौम्य होता की रंगाचा गुण आला, हे ठरवता येत नाही.