शाळेच्या ग्रंथालयाचं मूल्यमापन: चार निकषांचं रुब्रिक प्रत्यक्षात कसं चालतं

यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-संकलनात शाळेला विचारलं जातं की ग्रंथालय आहे का आणि पुस्तकं किती. त्यामुळे पाहणीसाठी गेलात की मुख्याध्यापक पहिला आकडा तोच सांगतात. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी असा प्रकल्प घेणाऱ्यांना आणि ग्रंथालयाचा कार्यभार नव्याने आलेल्या शिक्षकांना माझं पहिलं सांगणं असं, की तो आकडा वहीत लिहून घ्या, पण त्यावरून गुण देऊ नका.

मी हे काम सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत केलं. पाचवी ते दहावी, ४१० विद्यार्थी. घरी तेलुगू बोलणारी मुलं बरीच, काही घरांत कन्नड. रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्यात, चारच निकष ठेवले: संग्रह, पोहोच, वापर आणि वाचनप्रेरणा. प्रत्येकाला चार स्तर. शाळासिद्धी या सरकारी शाळा-मूल्यमापनात स्तर तीन असल्यामुळे शिक्षकांना तीनची सवय असते, पण तीन ठेवले की सगळ्यांचा हात मधल्या स्तराकडे जातो. चारात मधला स्तरच नसतो, निर्णय घ्यावाच लागतो.

स्तरांच्या वर्णनात ‘चांगले’, ‘समाधानकारक’ असे शब्द येऊ देऊ नका. जे डोळ्यांनी दिसतं किंवा नोंदवहीतून मोजता येतं तेच लिहा. पोहोच या निकषाच्या वरच्या स्तरात मी आधी ‘ग्रंथालय रोज उघडं असतं’ असं वाक्य ठेवलं होतं. रुब्रिक वापरण्याआधी ते एका शिक्षिकेला आणि मला स्वतंत्रपणे भरून पाहायचं होतं. त्यांनी तीन दिला, मी एक. खोली रोज उघडत होती हे खरं होतं, कारण तिथेच शिक्षकांचे डबे उघडायचे. मग वाक्य बदललं: ‘प्रत्येक वर्गातल्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा तरी स्वतःच्या हाताने पुस्तक निवडून घरी नेता येतं.’ आता दोघींचा गुण सारखा आला. दोन माणसांच्या गुणांत एकापेक्षा जास्त स्तराचा फरक पडला, तर बहुतेक वेळा वाक्यातच काहीतरी सैल असतं.

संग्रहाची पाहणी दाखल नोंदवहीपासून सुरू होते. या शाळेत शेवटचा दाखल क्रमांक ३,२०० होता. सगळी पुस्तकं तपासत बसण्याची गरज नाही. १ ते ३२ मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा आणि तिथून प्रत्येक ३२वा क्रमांक घ्या, म्हणजे १०० क्रमांक होतात. ‘मधूनमधून बघू’ म्हणून कपाटातून पुस्तकं काढायला लागलात, तर जी आहेत तीच सापडतील. नसलेलं पुस्तक कपाटात दिसत नाही, ते फक्त नोंदवहीत दिसतं. म्हणून वहीकडून कपाटाकडे जायचं.

माझ्या १०० क्रमांकांपैकी सहांसमोर निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक संग्रहातून रीतसर कमी केल्याचा शेरा होता, ते बाजूला काढले. उरलेल्या ९४ पैकी ५८ पुस्तकं कपाटात सापडली, ९ देवघेव वहीनुसार वाचकांकडे होती आणि २७चा पत्ता लागला नाही. म्हणजे ७१ टक्के पुस्तकं हिशेबात होती. एवढ्या लहान नमुन्यावरून खरा आकडा साधारण ६२ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असेल, इतकंच म्हणता येतं. त्यामुळे रुब्रिकमध्ये ‘७० टक्क्यांच्या वर स्तर ३’ अशी धारदार रेघ ओढू नका. एक पुस्तक सापडलं की नाही यावर स्तर बदलायला लागतो.

सापडलेली ५८ पुस्तकं हातात घेऊन एकेक उघडली. त्यात २१ म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, गाईड आणि वार्षिक अहवाल. मुलांना वाचता येतील अशी ३७ उरली. वाचकांकडची नऊ मिळवून ४६ झाली. १०० नोंदींमागे ४६, म्हणजे ३,२०० नोंदींमागे जेमतेम दीड हजार पुस्तकं, दर विद्यार्थ्यामागे साडेतीन. हे वाईट नाही. पण त्या ३७ मध्ये ३२ पानांच्या आतली, मोठ्या अक्षरातली पुस्तकं फक्त चार होती. पाचवीत येणारं तेलुगूभाषक मूल मराठी अजून अडखळत वाचत असतं. त्याच्यापुढे दोनशे पानांची बारीक अक्षरातली कादंबरी ठेवली, तर ते पहिल्या पानावरून परत येतं. तेलुगू किंवा कन्नड पुस्तक एकही नव्हतं. म्हणून स्तर ३ दिला, पण शेजारी शेरा लिहिला: पाचवी-सहावीसाठी संग्रह अपुरा. तो शेरा गुणापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण खरेदीची यादी त्यावरून होते.

पोहोच मोजायला मी एक सोपी गोष्ट केली. पुस्तक घरी न्यायचं असेल तर काय काय करावं लागतं, हे सहावीतल्या काही मुलांना विचारलं आणि तोच रस्ता त्यांच्याबरोबर चालून पाहिला. किल्ली गणिताच्या सरांकडे. देवघेवीची वेळ मधल्या सुट्टीत. मधल्या सुट्टीत पाचवी ते आठवीची मुलं पोषण आहाराच्या रांगेत उभी असतात. खिचडी खाऊन, ताट धुऊन होईपर्यंत घंटा वाजते. फलकावर ‘वेळ: मधली सुट्टी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि निम्म्याहून जास्त मुलांसाठी त्याला काहीच अर्थ नव्हता. पाहणीला जाल तेव्हा ग्रंथालयाची वेळ शाळेच्या वेळापत्रकावर आणि पोषण आहाराच्या वेळेवर ठेवून बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळ्या पाहणीत मला सर्वांत उपयोगी पडलं ते हेच.

कपाटांना कुलूप का, हेही विचारा, पण आरोपाच्या सुरात नको. सर म्हणाले, “मॅडम, पुस्तक गेलं की विचारणा मला होते. आधीच्या सरांकडून कार्यभार घेताना कुणी मोजून दिलं नव्हतं.” ही भीती खरी आहे. गहाळ पुस्तकांचं रीतसर निर्लेखन होत नाही, तोवर जबाबदार माणूस कुलूप लावणारच. पोहोच सुधारायची तर आधी ती २७ पुस्तकं कागदावर निकाली निघायला हवीत. म्हणून माझ्या अहवालाला त्या क्रमांकांची यादी जोडली. पोहोचला स्तर १ दिला.

वापर मोजताना नवखे लोक देवघेवीची बेरीज करतात. बेरीज फसवते. जुलै ते सप्टेंबरच्या वहीत विद्यार्थ्यांच्या ३१० नोंदी होत्या. त्यातल्या २४ एकाच तारखेच्या, एकाच शाईच्या, आणि दाखल क्रमांक ओळीने ४११, ४१२, ४१३ असे. मुलं कधी ओळीने पुस्तकं निवडत नाहीत. अशा नोंदी तपासणीच्या आधी भरलेल्या असतात. त्या मी शांतपणे वगळल्या, अहवालात फक्त ‘पडताळणी न झालेल्या नोंदी’ असं लिहिलं. उरल्या २८६. पण त्या किती मुलांच्या? नावं मोजली तर ७४. ४१० पैकी ७४, म्हणजे १८ टक्के. त्यातही पहिल्या दहा मुलांनीच १२१ पुस्तकं नेली होती.

मग वर्गवार मोजलं, आणि इथे पाहणीचं उत्तर मिळालं. ७४ पैकी ५२ मुलं पाचवी-सहावीतली होती, जिथे पटावर १३० जण आहेत. सातवी ते दहावीच्या २८० मुलांपैकी फक्त २२. खोली तीच, पुस्तकं तीच. फरक इतकाच की पाचवी-सहावीच्या वर्गशिक्षिका आठवड्यातून एका तासाला पुस्तकांची पेटी वर्गात नेत होत्या. तेही ज्या वयाला साजेशी पुस्तकं सर्वांत कमी आहेत त्या वर्गांत! वापर कमी म्हणजे मुलांना आवड नाही, असं शिक्षक पटकन म्हणतात. वर्गवार आकडे समोर ठेवले की ते म्हणणं टिकत नाही. अर्थात हा फरक पेटीमुळे पडला की त्या शिक्षिकांच्या ओढीमुळे, हे एवढ्यावरून वेगळं करता येत नाही, आणि तसं अहवालात लिहिलं. वापराला एकच गुण न देता पाचवी-सहावीला ३ आणि पुढच्या वर्गांना १ दिला.

वाचनप्रेरणेचा पुरावा म्हणून १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचे फोटो दाखवले जातात. ते पाहा, पण विचारा की त्यानंतरच्या पंधरा दिवसांत देवघेव वाढली का. वाचन प्रेरणा दिनानंतर लगेच सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते, त्यामुळे त्या दिवसाचा परिणाम वहीत बहुतेक दिसतच नाही. सहावीच्या बाई शनिवारी एक पुस्तक मोठ्याने वाचायच्या आणि अर्ध्यावर थांबायच्या. त्या पुस्तकांची नावं पुढच्या आठवड्यांत वहीत वारंवार आली होती. पण असं एकाच वर्गात होत होतं, म्हणून शाळेला स्तर २.

चार निकषांची बेरीज करू नका. वापराची सरासरी २ धरली, तर बेरीज १६ पैकी ८ येते आणि शाळा मध्यम ठरते. त्यातून काय करायचं ते कळत नाही. चारही स्तर शेजारी मांडले, तर पुस्तकं पुरेशी आहेत, पोहोच अडली आहे आणि जिथे पोहोच आहे तिथे वापरही आहे, हे कुणालाही दिसतं.

शाळेने सातवी आणि आठवीला आठवड्यातून एकेक ग्रंथालयाचा तास दिला. डिसेंबर ते फेब्रुवारीत मी पुन्हा मोजलं. मार्च-एप्रिलमध्ये सोलापुरात शाळा सकाळची होते, म्हणून ते महिने टाळले. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्ट्या आल्या, त्या आकड्यांखाली नोंदवल्या. सातवीत आधी ६ मुलं पुस्तकं नेत होती, आता २९. आठवीत ९ वरून फक्त ११. वही उघडली तर आठवीच्या ग्रंथालयाच्या तासाच्या दिवशी नोंदी जवळजवळ नव्हत्याच. तो तास दिवसातला शेवटचा होता आणि बहुतेक वेळा गणिताला जात होता. पोहोचचा स्तर सातवीला ३ केला, आठवीला १ तसाच ठेवला, आणि पुढच्या वेळापत्रकात तो तास सकाळच्या दुसऱ्या तासिकेला हलवावा अशी शिफारस लिहून दिली.