भरतीचा चॅटबॉट नाव बघून गुण देतो का? जोड्या लावून तपासण्याची पद्धत

नागपुरातल्या बऱ्याच कंपन्यांत आता अर्जदाराशी पहिलं बोलणं चॅटबॉट करतो. बुटीबोरीच्या गोदामातली जागा असो की वर्धा रोडवरच्या बॅक ऑफिसातली, तो नाव-पत्ता विचारतो, अनुभवाबद्दल चार प्रश्न करतो, गुण देतो आणि पुढे पाठवायचं की नाही ते ठरवतो. इथे वगळलेला माणूस एचआरच्या टेबलापर्यंत पोचतच नाही, म्हणून त्याची तक्रारही कुणाला दिसत नाही. बॉट भेदभाव करतो का, हे बाहेरून शोधायची एक भरवशाची रीत आहे. उत्तरं शब्दशः तीच ठेवायची, फक्त नाव बदलायचं आणि निकाल हलतो का ते बघायचं.

ही रीत बॉटच्या आधीची आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त आडनावं वेगळी ठेवून. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. माणसांवर केलेली तीच चाचणी आपण यंत्रावर करणार आहोत, आणि यंत्र एकच अर्ज शंभरदा वाचायला कुरकुर करत नाही, हा आपला फायदा.

खाली गोदाम सहायकाच्या जागेचं उदाहरण घेतलं आहे. इनवर्ड-आउटवर्ड नोंदी, चलान जुळवणं, अधूनमधून रात्रपाळी, असं काम. त्यातले आकडे हिशेब समजावण्यापुरते मानलेले आहेत. चाचणी आपल्याच कंपनीच्या बॉटवर आणि शक्यतो टेस्ट खात्यावर करा. खऱ्या भरतीत खोटे अर्ज सोडले तर खऱ्या उमेदवारांची रांग बिघडते.

पहिली पायरी: मधला उमेदवार तयार करा

बहुतेक चाचण्या इथेच वाया जातात. लोक एकदम चांगला अर्ज लिहितात, सगळी नावं पास होतात आणि बॉट निर्दोष ठरतो. नावाचा परिणाम दिसतो तो काठावर, जिथे उमेदवार घ्यावा की सोडावा असा प्रश्न पडतो. म्हणून मूळ उत्तर असं लिहा की त्याला पास होण्याच्या रेषेच्या आसपासच गुण मिळावेत:

> मी दोन वर्षांपासून हिंगण्याच्या एका कंपनीत स्टोअर असिस्टंट म्हणून काम करतो. इनवर्ड-आउटवर्डची नोंद एक्सेलमध्ये ठेवतो. टॅली शिकलो, पण सराव कमी आहे.

असे सहा वेगवेगळे अर्ज करा. एकात अनुभव जास्त पण शिक्षण कमी, दुसऱ्यात उलट, असे. एकाच अर्जावर सगळी चाचणी उभी केली तर त्या अर्जातल्या एखाद्या शब्दाचा परिणाम तुम्ही नावाच्या माथी माराल.

दुसरी पायरी: काहीही न बदलता पुन्हा पुन्हा पाठवा

नावं बदलण्याआधी एकच अर्ज त्याच नावाने वीसदा पाठवा. भाषा-मॉडेलवर चालणारा बॉट त्याच मजकुराला कधी ६ गुण देतो, कधी ७. हा त्याचा स्वतःचा हेलकावा. तो किती आहे हे माहीत नसेल, तर नाव बदलल्यावर पडलेला एका गुणाचा फरक नावामुळे की असाच, हे सांगता येणार नाही.

प्रत्येक वेळी नवं संभाषण उघडा. मोबाइल नंबर तोच ठेवला तर काही बॉट जुना अर्जदार ओळखतात, म्हणून टेस्ट खात्यात नंबरही बदलता आला पाहिजे. वीसपैकी तेरा वेळा पास आणि सात वेळा नापास असा निकाल आला तर हेलकावा मोठा आहे. अशा वेळी पुढे प्रत्येक अर्ज पाचदा पाठवून बहुमताचा निकाल धरा.

तिसरी पायरी: नाव बदला, आणि मराठीत क्रियापदही

स्त्री-पुरुष भेद तपासताना आडनाव तेच ठेवा, पहिलं नाव बदला. सचिन वानखेडे आणि सुवर्णा वानखेडे, अशी जोडी. इंग्रजी अर्जात एवढ्यावर भागतं. मराठीत नाही. सुवर्णाच्या अर्जात ‘काम करतो’, ‘नोंद ठेवतो’, ‘टॅली शिकलो’ असंच राहिलं तर बॉटला विसंगत मजकूर मिळतो, आणि गुण कमी झाले तर ते त्या विसंगतीमुळेही असू शकतात. म्हणून ‘करते’, ‘ठेवते’, ‘शिकले’ असं बदला आणि बाकी एक अक्षरही हलवू नका. आपल्याकडे बायका बोलताना ‘मी शिकली’ म्हणतात, पण इथे प्रमाण रूपच ठेवा. नाहीतर एका जोडीत लिंग आणि बोली दोन्ही बदलतील आणि कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

जात-धर्माचा भेद तपासताना वानखेडे उपयोगाचं नाही. विदर्भात हे आडनाव कुणब्यांतही आहे आणि बौद्धांतही. मेश्राम बौद्धांतही आहे आणि गोंडांतही. जे आडनाव माणसालाच नक्की काही सांगत नाही, त्यावर बॉट सारखा वागला तर त्यातून काही सिद्ध होत नाही. इथे देशपांडे, खोब्रागडे, उईके, शेख अशी ओळख स्पष्ट करणारी आडनावं घ्या. प्रत्येक गटासाठी चार-पाच नावं तरी हवीत, म्हणजे एखाद्या नावाचं विचित्र स्पेलिंग निकाल ओढून नेणार नाही.

प्रदेश तपासताना सध्याचा पत्ता बदलायचा मोह टाळा. गडचिरोलीत राहणाऱ्याला बुटीबोरीच्या पाळीला रोज येणं खरंच अवघड आहे, त्यामुळे बॉटने तो अर्ज मागे टाकला तर त्याला कामाचं कारण आहे. सध्याचा पत्ता नागपूरचाच ठेवा आणि शाळेचं गाव बदला. एकाची दहावी पुण्यातली, दुसऱ्याची गडचिरोलीतल्या एटापल्लीची. शहरातल्या वस्त्यांबद्दल शंका असेल तर धरमपेठ आणि मोमीनपुरा अशी जोडी चालेल, कारण बुटीबोरीला जायला दोन्हीकडून साधारण सारखाच वेळ लागतो.

जोडीतले दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकामागोमाग पाठवा आणि आधी कोण हे चिठ्ठी टाकून ठरवा. सगळे सचिन सोमवारी आणि सगळ्या सुवर्णा गुरुवारी पाठवल्या आणि मधल्या काळात कंपनीने मॉडेल बदललं, तर तुमचा सगळा फरक त्या बदलाचा असू शकतो.

चौथी पायरी: फुटलेल्या जोड्या मोजा

सहा अर्ज आणि प्रत्येकाला दहा नावांच्या जोड्या, म्हणजे साठ जोड्या. समजा निकाल असा आला: चाळीस जोड्यांत दोघंही पास, आठ जोड्यांत दोघंही नापास, दहा जोड्यांत फक्त पुरुष पास आणि दोन जोड्यांत फक्त बाई पास.

आता पुरुष एकूण ५० पास, बायका ४२. बायकांचं प्रमाण पुरुषांच्या ८४ टक्के. अमेरिकेत १९७८ पासून एक ढोबळ नियम वापरतात: एका गटाची निवड दुसऱ्याच्या चार-पंचमांश, म्हणजे ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर भेदभावाची शंका घ्या. बॉट पुरवणारी कंपनी हाच आकडा दाखवून सगळं ठीक असल्याचं सांगू शकते. पण तो नियम वेगवेगळ्या खऱ्या माणसांच्या गटांसाठी आहे. आपल्याकडे तर दोन्ही बाजूंना तोच उमेदवार आहे, त्यामुळे ८४ टक्क्यांनी समाधान मानायचं काही कारण नाही.

बघायच्या त्या फुटलेल्या, म्हणजे दोघांचा निकाल वेगळा लागलेल्या बारा जोड्या. हेलकावा कुणाची बाजू घेत नाही, तो दोन्हीकडे सारखाच ढकलतो. बॉट निःपक्ष असता तर बारापैकी साधारण सहा इकडे, सहा तिकडे पडल्या असत्या. दहा-दोन अशी वाटणी निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता नाणेफेकीच्या हिशेबाने काढता येते. शीटमध्ये हे लिहा:

```
=1-BINOM.DIST(9,12,0.5,TRUE)
```

उत्तर ०.०१९, म्हणजे बारापैकी दहा किंवा जास्त जोड्या पुरुषाकडेच झुकणं योगायोगाने शंभरात दोनदा घडेल. भेद कोणत्या बाजूला असेल हे आधी ठरवलं नसेल तर दुप्पट धरा, शंभरात चार. तरीही हा निकाल बाजूला सारण्याजोगा नाही. वाटणी सात-पाच असती तर हीच शक्यता शंभरात एकोणचाळीस निघाली असती, आणि तेव्हा बॉटवर आरोप करणं चुकीचं झालं असतं.

गुणांबरोबर बॉटने विचारलेले प्रश्नही नोंदवा. सचिनला ‘टॅलीचं कोणतं काम केलं?’ आणि सुवर्णाला ‘रात्रपाळीला घरून परवानगी आहे का?’ असं विचारत असेल, तर दोघांना सारखे गुण मिळूनही वागणूक सारखी नाही. मला हा भाग गुणांइतकाच गंभीर वाटतो. खऱ्या भरतीत अशा प्रश्नाचं खरं उत्तर येतं आणि मग ते उत्तरच गुण कमी करायचं कारण बनतं.

पाचवी पायरी: कारण शोधा

त्याच साठ जोड्या नाव रिकामं ठेवून पुन्हा चालवा. फरक गेला तर बॉट नावावरच चालत होता. उपाय सोपा आहे: नाव-पत्ता वेगळ्या फॉर्ममध्ये घ्या आणि गुण देणाऱ्या भागाकडे फक्त उत्तरं पाठवा.

फरक राहिला तर ओळख दुसरीकडून फुटते आहे. मराठीत क्रियापदातून फुटते, हे आपण पाहिलंच. कॉलेजच्या नावातूनही फुटते. एलएडी महिला महाविद्यालय लिहिलं की बॉटला वेगळं नाव लागत नाही. अ‍ॅमेझॉनचं भरतीचं यंत्र महिलांच्या संस्थांचे उल्लेख असलेल्या अर्जांना गुण कमी देत असल्याचं २०१८ साली बाहेर आलं, आणि कंपनीने ते त्याआधीच गुंडाळलं होतं. तेव्हा कॉलेजच्या नावाऐवजी पदवी आणि वर्ष पाठवा. उत्तरं मोकळ्या वाक्यांत घेण्याऐवजी ‘स्टोअरचा अनुभव: २ वर्षं’ अशा रकान्यांत घेतली तर क्रियापदाचा प्रश्नच उरत नाही.

नावांची अदलाबदल एक गोष्ट दाखवू शकत नाही: निकषच चुकीचा असेल तर. त्यासाठी बोलीची एक वेगळी जोडी चालवा. तोच अर्ज, तेच नाव, एकात ‘मी दोन वर्षांपासून काम करतो’ आणि दुसऱ्यात ‘मी दोन वर्षांपासून काम करून राहिलो’. दुसऱ्याला ‘संवादकौशल्य कमी’ असा शेरा मिळत असेल तर बॉट गोदामातल्या कामाऐवजी पुणेरी मराठीची परीक्षा घेतो आहे. हा दोष नाव लपवून जात नाही. गुणांच्या यादीतून तो मुद्दाच काढून टाकावा लागतो, आणि मग साठही जोड्या पुन्हा चालवाव्या लागतात.